बोअरचं पाणी, पांढरे नळ आणि पुन्हा पुन्हा जाणारा गीझर

*दादा, आम्ही छत्रपती संभाजीनगरच्या सातारा परिसरात रो-हाउसमध्ये राहतो. घरात चौघं. पाणी बोअरचं, उन्हाळ्यात टँकर. दोन वर्षांत वरच्या बाथरूमचा गीझर दोनदा गेला. चांगल्या कंपनीचे नळ घेतले, तेही आता फिरवायला जड जातात, शॉवरची निम्मी भोकं बंद आहेत, कमोडमध्ये पिवळट रेघ आहे आणि ती ॲसिडनेही जात नाही. पाणी तपासून घेतलं: टीडीएस ११२०, एकूण कठीणता ६४०, अल्कलिनिटी ४१०, क्लोराइड २९०. दोन्ही बाथरूम आता नव्याने करायची आहेत. एक जण म्हणतो सगळ्या घराला सॉफ्टनर लावा, दुसरा म्हणतो पाइपवर चुंबक बसवा, दुकानदार म्हणतो सगळं स्टीलचं घ्या. कशावर पैसे घालू?*

ताई, रिपोर्टमधले जे चार आकडे पाठवलेत, सगळे लिटरमागे मिलिग्रॅममध्ये, त्यांतला टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांची बेरीज, तूर्त बाजूला ठेवा. सगळे बोलतात टीडीएसबद्दल, कारण त्याचा पेनासारखा मीटर बाजारात स्वस्तात मिळतो. पण तो मीटर पाण्यातून वीज किती सहज जाते एवढंच बघतो आणि त्यावरून अंदाजाने आकडा दाखवतो. पाण्यात चुन्याचे क्षार आहेत की मिठाचे, हे त्याला कळत नाही. नळ-गीझरच्या दृष्टीने मात्र सगळा फरक तिथेच आहे. चुना साचतो, मीठ धातू खातं. दोन्हींवरचे उपाय वेगळे, आणि काही ठिकाणी एकाचा उपाय दुसऱ्याला उलटा पडतो.

तुमच्या भागात खाली काळा पाषाण. त्याच्या भेगांतून मुरलेलं पाणी बहुतेक वेळा कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन वर येतं, म्हणजे जड असतं. अकोला, अमरावती, बुलढाण्याकडचा पूर्णाकाठचा खारपाणपट्टा घ्या, तिथली गोष्ट निराळी. तिथे खाली गाळाची जमीन आहे आणि पाण्यात मिठाचाच भर जास्त. तिथल्या माणसाला मी वेगळंच उत्तर दिलं असतं. म्हणून दर्यापूरच्या भावाने सांगितलेला उपाय सातारा परिसरात करू नका, आणि तुमचा त्याला सांगू नका.

आता तुमचं पाणी. कठीणता ६४०. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात २०० पर्यंत चांगलं मानलंय आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलंय. तुमचं त्याच्याही वर. अल्कलिनिटी ४१०, आणि गीझर का गेला याचं उत्तर या आकड्यात आहे. अल्कलिनिटी म्हणजे इथे मुख्यतः बायकार्बोनेट. कठीणतेचा जेवढा भाग बायकार्बोनेटशी जोडलेला असतो तेवढा पाणी तापवलं की विरघळलेला राहू शकत नाही; कर्बवायू निघून जातो आणि चुना दगड होऊन खाली बसतो. जुन्या पुस्तकांत याला तात्पुरती कठीणता म्हणतात. तुमच्या ६४० पैकी ४१० तसली आहे, म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश. उरलेली २३० तापवून जात नाही, ती पाणी सुकलं की डाग होऊन दिसते.

हिशेब करून बघा. चौघांना मिळून रोज अडीचशे लिटर पाणी गीझरमधून जात असेल आणि लिटरमागे १०० मिलिग्रॅम जरी चुना खाली बसला, तरी दिवसाला २५ ग्रॅम होतो. महिन्याला पाऊण किलो, वर्षाला नऊ किलो. सगळा टाकीतच राहत नाही, काही नळातून निघून जातो आणि जाळीत अडकतो. पण उरलेला कॉइलवर बसतो, कारण सगळ्यात गरम तीच. थर चढला की उष्णता पाण्यात जाईनाशी होते, कॉइल आतल्या आत तापत राहते आणि एक दिवस तिचं कवच फुटतं. त्याआधी गीझर तुम्हाला सांगत असतो. चालू केल्यावर आतून फुटाणे भाजल्यासारखा आवाज येतो, पाणी तापायला आधीपेक्षा वेळ लागतो, आणि नळाच्या जाळीत पांढरे, पापुद्र्यासारखे खडे सापडायला लागतात. हे तिन्ही दिसलं तर त्या आठवड्यातच गीझर उघडायला लावा. कॉइल फुटून पाण्यात करंट येईपर्यंत थांबू नका, आणि त्या लाइनवर करंट गळला की वीज तोडणारी इएलसीबी किंवा आरसीसीबी नसेल तर बाथरूमच्या कामात ती पहिली बसवून घ्या.

नवा गीझर घेताना तीन लिटरचा इन्स्टंट घेऊ नका, कितीही नाजूक दिसला तरी. एवढ्याशा भांड्यात तीन किलोवॅटची कॉइल, जागा अरुंद. तुमच्या पाण्यात तो लवकर भरून येतो. गॅस गीझरची तांब्याची नळीदार कॉइल तर त्याहून लवकर तुंबते. पंधरा किंवा पंचवीस लिटरचा साठवणीचा, ग्लासलाइन्ड टाकीचा आणि इन्कोलॉय कॉइलचा घ्या. ग्लासलाइन्ड म्हणजे लोखंडी टाकीला आतून काचेसारखा मुलामा. दुकानात "स्टीलची टाकी, गंजणार नाही" असं सांगतील, पण तुमचं क्लोराइड २९० आहे. साध्या ३०४ स्टीलसाठी २०० च्या आसपास क्लोराइड ही सांभाळून राहण्याची मर्यादा धरतात, आणि गरम पाण्यात ती आणखी खाली येते. स्टीलला सगळीकडून गंज चढत नाही, जोडाशी टाचणीएवढं भोक पडतं आणि टाकी गळायला लागते. काचेच्या मुलाम्यातही सूक्ष्म भेगा असतातच, म्हणून टाकीत मॅग्नेशियमची एक दांडी, ॲनोड रॉड, बसवलेली असते. ती स्वतः झिजते आणि टाकीला वाचवते. क्षार जास्त असले की ती लवकर संपते. ही दांडी बघायला कोणी सांगत नाही, आणि ती संपल्याचं कळतं तेव्हा टाकीच गेलेली असते.

म्हणून वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी म्हणा, गीझर उघडून घ्यायचा. एमसीबी बंद, पाणी बंद, टाकी रिकामी. खालची फ्लँज सोडली की कॉइल आणि दांडी बाहेर येतात. कॉइलवर पांढरा दगड असेल; तो हातोडीने ठोकू देऊ नका, कारण धक्का कॉइलला बसतोच आणि टाकीत काही लागलं तर मुलामा उडतो. एक लिटर कोमट पाण्यात शंभर ग्रॅम लिंबूसत्त्व घालून त्यात कॉइल तासभर बुडवून ठेवायची, फक्त विजेची टोकं वर कोरडी राहतील अशी. लगेच बुडबुडे येतात, तो चुना विरघळत असल्याचा पुरावा. बुडबुडे थांबले आणि थर उरला असेल तर पाणी टाकून नवं करायचं. दांडी बोटाएवढी जाड असते. मधली तार उघडी दिसायला लागली तर बदलायची. गास्केट दर वेळी नवं, जुनं परत बसवलं की गळतं. आणि टाकीत तळाशी साचलेला चुना हाताने काढून पाण्याने धुवायला सांगा, पुष्कळ मेकॅनिक तो तसाच ठेवून फ्लँज लावतात.

थर्मोस्टॅट ५० ते ५५ वर ठेवा. ७५ वर ठेवून मग थंड पाणी मिसळण्यात काही अर्थ नाही. साठच्या वर चुना फार वेगाने खाली बसतो. ५० च्या खालीही नको, कोमट साठलेल्या पाण्यात जंतू वाढतात. गीझरच्या थंड पाण्याच्या तोंडाशी एक छोटा वॉल्व असतो, त्याला बारीक दांडा असतो. तो सेफ्टी वॉल्व. महिन्यातून एकदा दांडा उचलायचा, पाणी बाहेर आलं पाहिजे. चुन्याने तो जाम झाला की आत दाब वाढला तरी उघडत नाही, टाकी फुटू शकते. कधीकधी उलटं होतं, त्याच्या बैठकीवर खडा अडकतो आणि तो थेंब-थेंब गळत राहतो. गळतो म्हणून प्लंबर तिथे टोपण लावून बंद करतो. असं करू देऊ नका. शे-दोनशे रुपये वाचवण्यासाठी डोक्यावर बॉम्ब टांगायचा, हा धंदा नको. वॉल्व बदलून घ्या.

पुढे कधी सोलर घ्यायचं झालं तर पातळ तांब्याच्या नळ्यांचं सपाट पॅनेल सरळ बोअरच्या पाण्यावर लावू नका. त्या नळ्या आतून बुजतात आणि साफ करणं कटकटीचं. काचेच्या नळ्यांचं चालतं, किंवा हीट एक्स्चेंजरवालं घ्यायचं, ज्यात पॅनेलमधलं पाणी तेच तेच फिरत राहतं आणि घरातल्या पाण्याला फक्त उष्णता देतं.

आता सॉफ्टनर. तो चुना काढून त्याच्या जागी सोडियम सोडतो, एवढंच काम. टीडीएस कमी होत नाही, खारटपणा जात नाही, क्लोराइड तेवढंच राहतं. विकणारा "टीडीएस शून्य करून देतो" म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. पण तुमचा मुख्य शत्रू चुना असल्यामुळे तुमच्याकडे सॉफ्टनर उपयोगाचा आहे. प्रश्न आहे तो कुठे लावायचा.

सगळ्या घराला लावलात तर काय होतं बघा. घरात वापरायला रोज हजार लिटर लागतं असं धरू. लिटरला ६४० मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला ६४० ग्रॅम कठीणता काढायची. रेझिन म्हणजे सॉफ्टनरमधले चुना पकडणारे बारीक मणी; पंचवीस लिटर रेझिनचा सॉफ्टनर, मीठ काटकसरीने वापरलं तर, एका दमात साधारण ११०० ते १२०० ग्रॅम काढतो. म्हणजे पावणेदोन दिवसांनी त्याला मिठाच्या पाण्याने धुवावं लागणार, प्रत्येक वेळी अडीच-तीन किलो मीठ आणि दीड-दोनशे लिटर पाणी गटारात. महिन्याला चाळीस-पन्नास किलो मीठ. ज्या घरात उन्हाळ्यात टँकर येतो तिथे हे पाणी वाया घालवणं मला पटत नाही. शिवाय ते पाणी निव्वळ खारं, झाडांना घातलंत तर झाडं मरतात आणि मातीही बिघडते.

त्याऐवजी बाथरूम फोडताच आहात तर लाइन वेगळी करून घ्या. गच्चीवरच्या टाकीतून दोन पाइप काढायचे. एक सरळ थंड पाण्याचा, सगळ्या नळांना आणि फ्लशला. दुसरा सॉफ्टनरमधून फक्त गीझरला. आता काढायची कठीणता रोज अडीचशे लिटरची, म्हणजे १६० ग्रॅम. तोच सॉफ्टनर आता आठवडाभर चालतो. मीठ महिन्याला दहा-बारा किलो. गीझर, सेफ्टी वॉल्व, मिक्सरची गरम बाजू, शॉवरची भोकं, म्हणजे जिथे चुना दगड होतो ती सगळी ठिकाणं वाचतात. थंड नळावर डाग पडतीलच, ते पुसता येतात. सॉफ्टनरला बायपास ठेवायला विसरू नका, म्हणजे तो दुरुस्तीला गेला तरी गरम पाणी अडत नाही. एक लक्षात ठेवा, सॉफ्टनरच्या पाण्यातही क्लोराइड तसंच असतं, त्यामुळे ॲनोड दांडी बघायची टळत नाही. आणि ही लाइन वरच्या टाकीपासून येत असेल तर दाबाचं आधी प्लंबरकडून बघून घ्या. रेझिनच्या थरातून पाणी ढकलायला दाब लागतो, आणि गच्चीवरची टाकी फक्त पाच-सहा फूट वर असेल तर वरच्या मजल्याला धार बारीक येईल. तिथे छोटा प्रेशर पंप लागेल.

सॉफ्टनर चालतो की नाही हे कळायला कठीणता तपासायचं थेंबांचं किट घ्या, पुष्कळ पुरतं. बाटलीत ठरलेल्या खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, रंगाची पूड घातली की पाणी द्राक्षाच्या दारूसारखं तांबूस-जांभळं होतं. मग दुसऱ्या बाटलीतलं द्रावण एकेक थेंब टाकत, हलवत जायचं. एका थेंबाला रंग अचानक निळा पडतो. तिथपर्यंतचे थेंब मोजायचे, किटवर एका थेंबाची किंमत दिलेली असते. गोड्या केलेल्या पाण्यात पूड घालताच निळं आलं तर सॉफ्टनर ठीक. तांबूस आलं तर मीठ संपलं, नाहीतर धुवायची वेळ चुकली.

चुंबकाबद्दल. चुंबक आणि इलेक्ट्रॉनिक कंडिशनर पाण्यातला चुना काढत नाहीत, तो वेगळ्या रूपात राहील असा त्यांचा दावा असतो. कुठे फरक पडल्याचं लोक सांगतात, कुठे काहीच होत नाही, आणि तुमच्या घरी पडेल की नाही हे आधी सांगता येत नाही. मी त्यावर पैसे घालणार नाही. सॉफ्टनर नकोच असेल तर गीझरच्या तोंडाशी फॉस्फेटच्या गोळ्यांचं छोटं कार्ट्रिज मिळतं. ते चुन्याला चिकटून बसायला अडवतं, पाणी ५५ च्या आसपास असेल तर बरं काम करतं, फार तापवलं तर निरुपयोगी होतं. गोळ्या संपल्या की भराव्या लागतात. स्वस्त आहे, पण ६४० ला ते चुना लांबवतं, थांबवत नाही. पिण्याच्या नळाच्या लाइनवर ते लावू नका.

नळांचं बोलू. जड नळ म्हणजे त्यातलं सिरॅमिक डिस्क कार्ट्रिज. दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात, अर्ध्या वेढ्यात नाहीतर पाव वेढ्यात नळ उघडतो. चुन्याचा बारीक खडा त्या दोन चकत्यांत आला की आधी नळ जड होतो, मग चकतीवर ओरखडा पडतो आणि गळायला लागतो. नळ वाईट नाही, त्याच्या आधी गाळणी नाही. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या मुख्य पाइपवर गाळणी बसवा, तिची जाळी महिन्याला धुवा. आणि नळ घेताना एकच गोष्ट विचारा: याचं कार्ट्रिज सुटं मिळतं का, आणि इथे, याच दुकानात आज ठेवलेलं आहे का? दाखवा म्हणावं. ज्या नळाचं कार्ट्रिज दिल्लीहून मागवावं लागतं तो तुमच्या घरी नको, कितीही सुंदर असला तरी. मिक्सर आणि शॉवरच्या डायव्हर्टरला तर हे दुप्पट लागू. भिंतीत गाडलेल्या डायव्हर्टरचं आतलं पितळी अंग कोणत्या मॉडेलचं हे बिलावर लिहून घ्या, नाहीतर पाच वर्षांनी टाइल फोडावी लागेल.

धुण्याच्या जागी, बागेत आणि मागच्या अंगणात जुन्या पद्धतीचा, आत वॉशर असलेला स्पिंडलचा नळ लावा. वॉशर पाच-दहा रुपयांचा, पान्याने अर्ध्या तासात बदलता येतो, आणि चुन्याला तो घाबरत नाही. नाहीतर पीटीएमटीचा प्लास्टिकचा नळ. लोक त्याला नावं ठेवतात, पण तो गंजत नाही, मुलामा उडायला मुलामाच नाही. फक्त उन्हात आणि गरम पाण्याला लावू नका.

बाथरूमचे नळ पितळी, वर क्रोमचा मुलामा. वजन करून बघा, हातात घेतला की कळतं. जस्ताच्या मिश्रधातूचे हलके नळ तुमच्या क्लोराइडला फार टिकत नाहीत, मुलामा फुगतो आणि खालून पांढरी पूड येते. काळे मॅट नळ सध्या सगळ्यांना हवेत. त्यावर तुमच्या पाण्याचा एक थेंब सुकला की पांढरा डाग दुरून दिसतो, आणि तो घासायला गेलात की मॅट जागा चकचकीत होते. चकचकीत क्रोम घ्या. त्यावर डाग कमी दिसतो आणि पुसला की जातो. गडद रंगाचं बेसिन, काळं सिंक, तेही टाळा.

दुकानदाराचं "सगळं स्टीलचं" हे अर्धंच बरोबर. ३०४ स्टील २९० क्लोराइडला थंड पाण्यात चालून जातं, विशेषतः पुसलं जाणारं. पण साचून सुकणारं पाणी जिथे असेल तिथे ठिपके पडतात. माझी काळजी नळापेक्षा नळाखालच्या जाळीदार होजची. अँगल कॉकपासून गीझर आणि बेसिनला जाणारी ती लवचीक नळी. तिची बारीक तार क्लोराइडने तडकते, आत रबर फुगतं, आणि एखाद्या रात्री फुटते. बेसिनखाली वाकून बॅटरीने बघा. तपकिरी ठिपका दिसला किंवा एखादी तार सुटलेली असली तर बदला. आणि अँगल कॉक महिन्यातून एकदा पूर्ण बंद-चालू करा. चुन्याने ते उघड्यावरच अडकतात आणि नेमके पूर आल्यावर फिरत नाहीत.

शॉवर घ्या तो रबरी टोकांचा, ज्याची टोकं अंगठ्याने दाबली की चुना तुटून पडतो. भोकं थेट धातूत पाडलेला नको. सध्याचा असाच असेल तर फेकू नका. लिंबूसत्त्वाचं पाणी प्लास्टिकच्या पिशवीत भरून रबरबँडने शॉवरला बांधा, अर्धा तास, मग टूथब्रश. नळांच्या जाळ्यांनाही हेच, सोडवून वाटीत टाकायच्या. क्रोमवर मात्र अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवू नका आणि नंतर भरपूर साध्या पाण्याने धुवा. जवळ संगमरवर, कोटा किंवा शहाबादी फरशी असेल तर तिच्यावर थेंबही नको, तीही चुन्याचीच आहे.

कमोडमधली रेघ ॲसिडने जात नाही म्हणता. बहुतेक तिच्यावर पाणी असताना ॲसिड ओतलं जातं आणि तिथेच पातळ होतं. आधी बादलीभर पाणी जोरात ओतून किंवा मगने काढून कमोडमधलं पाणी खाली करा, टिश्यू लिंबूसत्त्वाच्या घट्ट पाण्यात भिजवून रेघेवर चिकटवा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी नायलॉन ब्रश. दोन-तीन रात्री लागतील. पिवळट-तपकिरी रंग लोखंडाचा असू शकतो, तुमच्या रिपोर्टमध्ये लोखंड नाही, पुढच्या वेळी तेही तपासून घ्या. तारेची घासणी किंवा चाकू चालवू नका. काचेसारखा मुलामा एकदा खरडला की त्या जागी चुना पहिल्यापेक्षा लवकर बसतो. बाजारातलं टॉयलेटचं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक, ते कमोडच्या आत एकदा-दोनदा चालेल, पण त्याची उघडी बाटली बाथरूममध्ये ठेवू नका. तिच्या वाफेनेच शेजारच्या नळांचं क्रोम काळं पडतं आणि कमोडच्या झाकणाचे स्टीलचे बिजागर गंजतात. आणि ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचं लिक्विड टाकलेल्या जागी ते कधीही ओतू नका, क्लोरिन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये त्याने जीव जाऊ शकतो.

रेघ पुन्हा पुन्हा त्याच जागी येत असेल तर फ्लश टँक गळतोय का बघा. टाकीत थोडा खायचा रंग टाका, वीस मिनिटं फ्लश करू नका. कमोडमध्ये रंग उतरला तर तळाच्या सीलखाली चुना बसला आहे. सील काढून बैठक स्वच्छ करा, सील नवं घाला. थेंब-थेंब गळणारं पाणी मागच्या भिंतीवर रोज एक थर ठेवून जातं, त्या घरात रेघ पुसण्याला अंत नसतो. नवा कमोड घ्यायचा तर रिमलेस घ्या. कडेच्या आत दडलेली भोकं चुन्याने बुजली की फ्लशची धार मरते आणि ती भोकं आरशाशिवाय दिसतही नाहीत. रिमलेसमध्ये सगळं समोर असतं. टाकी भिंतीत लपवलेली सुंदर दिसते, पण बाहेरची लावा. तिचा फिल वॉल्व आणि सील कोणीही बदलून देतो. लपवलेलीच हवी असेल तर तिच्या आत येणाऱ्या पाण्याला वेगळी बंद करायची चावी आणि उघडता येणारं पॅनेल हवंच.

खर्चाचा क्रम मी असा लावीन: आधी आरसीसीबी, मग दोन वेगळ्या लाइन आणि गाळणी, कारण ते भिंत उघडी असतानाच होतं. मग गीझर. सॉफ्टनर त्यानंतर, जागा आणि पाइपचा टी-जोड आत्ताच काढून ठेवा, यंत्र सहा महिन्यांनी आलं तरी चालेल. नळ सगळ्यात शेवटी, उरलेल्या पैशांत.

आणि टँकरचं. टँकरवाला दर वेळी एकाच विहिरीतून भरत नाही. टँकर हौदात उतरायच्या आधी थेंबांचं किट घेऊन त्याच्या पाण्याची कठीणता बघून घ्या. ६४० पेक्षा जास्त आली तर सॉफ्टनर धुण्याचे दिवस सातवरून पाच-सहावर आणा. मीटरवर सेट केलेला सॉफ्टनर लिटर मोजतो, कठीणता मोजत नाही, त्यामुळे ते तुम्हालाच बदलावं लागतं.